तिन्ही भाषांपुढं ‘फ्लुएंट’: रेझ्युमेत खरं काय लिहायचं आणि कुठं

प्रश्न: सर, बी.कॉम. झालंय, शाळा मराठी मिडीयम. कागल एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. आता पुण्यात कस्टमर कोऑर्डिनेटरच्या जागांना अप्लाय करतोय. रेझ्युमेत मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्हीपुढं फ्लुएंट टाकलंय. मित्र म्हणतोय इंग्लिशचं खोटं आहे. पण खरं लिहिलं तर बोलावतील का? आणि हे वर टाकायचं की खाली?

उत्तर:

मी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल ह्या पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी भरती बघतो. त्यामुळं ही ओळ रोज डोळ्याखालून जाते आणि ती कशी वाचली जाते ते आधी सांगतो, कारण त्यातच तुमचं निम्मं उत्तर आहे. जाहिरातीत भाषेवर खास भर नसेल तर रेझ्युमे चाळताना भाषांची ओळ सहसा कुणी वाचत नाही. अनुभव, शेवटची कंपनी, नोटीस पिरियड, पगार, एवढंच बघून पुढं जायचं असतं. ती ओळ वाचली जाते ती तुम्ही समोर बसल्यावर, आणि तेव्हा ती सगळ्यात सोप्पी तपासता येणारी गोष्ट असते. एक्सेल येतं का हे बघायला लॅपटॉप द्यावा लागतो, सॅप येतं का हे बघायला सॅप जाणणारा माणूस बसवावा लागतो, पण इंग्लिश फ्लुएंट आहे का हे बघायला समोरच्यानं पुढचा प्रश्न इंग्लिशमधून विचारला की झालं. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. आणि खरं नुकसान पुढं होतं, कारण एक ओळ फुगवलेली सापडली की समोरचा माणूस बाकीच्या ओळींकडं पण तशाच नजरेनं बघायला लागतो, मग तुमचं खरंखुरं डिस्पॅचचं काम पण त्याला शंकेचं वाटतं.

म्हणजे तुमच्या मित्राचं बरोबर आहे का? ते मला तुमच्याशी न बोलता सांगता येणार नाही, आणि गंमत म्हणजे तुम्हाला स्वतःला पण नीट माहीत नसणार. कारण इंग्लिश येतं की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. वाचणं, ऐकून समजणं, लिहिणं आणि बोलणं ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठी मिडीयमच्या आपल्या पोरांच्यात ह्या चारही एका उंचीवर कधीच नसतात. पीओ वाचून त्यातल्या पेमेंटच्या अटी, डिलिव्हरीची तारीख, पॅकिंगच्या सूचना बरोबर काढणारा मुलगा फोनवर दोन वाक्यांत अडकतो, हे नेहमीचं चित्र आहे. उलट फोनवर फाडफाड बोलणारा आणि मेलमध्ये एक सरळ वाक्य न येणारा पण भेटतो, पण कमी. तेव्हा चारही गोष्टींना मिळून एकच शब्द लावला की तो कुठंतरी खोटा पडणारच, तुमची इच्छा असो वा नसो.

मग खरं किती येतं ते कसं ठरवायचं? मी उमेदवारांना जी परीक्षा देतो तीच घरी करून बघा. तुमच्याच धंद्यातला प्रसंग घेऊ. समजा चेन्नईच्या गिऱ्हाइकाचा मेल आलाय: मागच्या लॉटमधल्या २०० हाउसिंगपैकी १४ पीसमध्ये मशिनिंगनंतर ब्लो होल निघालेत, गुरुवारपर्यंत बदली माल पोचला नाही तर लाईन थांबेल, मग डेबिट नोट काढणार, आणि एट डी रिपोर्ट पण पाहिजे. आता ह्याला उत्तर लिहा, मोबाईल बाजूला ठेवून, वीस मिनिटांत. उत्तरात चार गोष्टी यायला हव्यात. तक्रार मिळाली आणि समजली हे. आपल्याकडं शिल्लक असलेला त्याच लॉटचा माल थांबवून तपासतोय हे. बदलीचे १४ पीस कधी आणि कुठल्या गाडीनं निघतील हे. आणि रिपोर्ट कुठल्या तारखेला देणार हे. व्याकरणाची एखादी चूक झाली तर मी मार्क कापत नाही. पण ह्या चार गोष्टी स्वतःच्या वाक्यांत आल्या, आणि वाचणाऱ्याला परत फोन करावा लागला नाही, तर तुमचं लिहिणं कामाचं आहे, बिनधास्त तसं लिहा. बरेच जण काय करतात, ‘डिअर सर, वी विल डू द नीडफुल’ लिहितात आणि खाली रिगार्ड्स. त्यात गिऱ्हाइकाला काहीच कळलं नाही. किंवा जुना मेल कॉपी करून आकडे बदलतात. तसं असेल तर लिहिणं ठरावीक मेलपुरतं आहे असं समजा. त्यात लाज नाही, डिस्पॅचला तेवढं पुरतं सुद्धा, फक्त त्याला फ्लुएंट म्हणायचं नाही.

बोलण्याची परीक्षा वेगळी. त्याच मित्राला सांगा, हाच प्रसंग घेऊन फोन कर, इंग्लिशमधून, आणि मध्ये तोड. ‘गुरुवार का, बुधवारी का नाही?’ असं काहीतरी मध्येच विचारायचं. पाठ केलेली दोन मिनिटं कुणीही काढतो, तोडल्यावर काय होतं ते बघायचंय. इंग्लिश कमी पडलं की आपला माणूस ‘येस सर, ओके सर’ वर येतो, आणि इथंच कंपनीला धास्ती असते, कारण त्या ‘ओके सर’ मध्ये त्यानं बुधवारचा वायदा देऊन टाकलेला असतो आणि शॉपला कोअरच तयार नसतात. कोऑर्डिनेटरच्या जागेला इंग्लिश बघतात ते उच्चारांसाठी नव्हे, ह्यासाठी. तुम्ही ‘बुधवारी जमणार नाही, हीट ट्रीटमेंटला एक दिवस जातो’ एवढं मोडक्या का होईना इंग्लिशमध्ये सांगू शकलात तर बोलणं मध्यम आहे. नुसतं येस सर झालं तर बेसिक आहे. आणि समोरचा चिडलेला असताना, तयारी नसलेल्या विषयावर, फोनवर, न अडखळता निभावलं तर मग फ्लुएंट शब्दावर तुमचा हक्क आहे.

कुणीतरी सांगेल की बी वन, बी टू असं लिहा. ती ए वन पासून सी टू पर्यंतची सहा पायऱ्यांची युरोपातली मोजपट्टी आहे, कौन्सिल ऑफ युरोपची, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली. ढोबळमानानं ओळखीच्या, कामाच्या विषयावर निभावून नेणारा बी वन, आणि इंग्लिश मातृभाषा असलेल्या माणसाशी दोघांनाही ताण न येता बोलू शकणारा बी टू. मोजपट्टी चांगली आहे, स्वतःला मोजायला जरूर वापरा. पण परीक्षा दिलेली नसेल तर रेझ्युमेत टाकू नका, कारण ती खूण बघितली की सर्टिफिकेट आहे असं वाटतं आणि विचारतात. जर्मन भाषा शिकलेली पोरं लिहितात ते ठीक, त्यांनी परीक्षा दिलेली असते.

आता हिंदी. इंग्लिशचं निदान आपल्याला भय तरी असतं, हिंदीला कोल्हापुरात सगळेच फ्लुएंट लिहितात. सिनेमा बघत मोठं झालो, लिपी तीच, दहावीला विषय होता, मग काय राहिलं? समजतं शंभर टक्के, ते मान्य. बोलणं मात्र ‘वो गाडीवाला मेरे को बोला की कल आयेगा करके’ ह्या थाटाचं असतं आणि ट्रान्सपोर्टरशी, ड्रायव्हरशी बोलायला ते सोळा आणे पुरतं. एलआर नंबर, ई-वे बिलाची मुदत, भाड्याची घासाघीस, गाडी नाक्यावर अडकली तर काय करायचं, हे सगळं त्या हिंदीत रोज होतंय तर ती कामाची हिंदी आहे आणि ती लिहायलाच पाहिजे. पण हिंदीत पत्र लिहायला सांगितलं तर दहावीनंतर कधी लिहिलंय? लखनौच्या गिऱ्हाइकाला फोनवर माल विकायची नोकरी असेल तर ही हिंदी चालेल का? तिथं कानाला खटकते. तेव्हा हिंदीपुढं बोलणं चांगलं, रोजचा वापर, लिहिणं साधं, असं लिहा. हे लिहिल्यानं तुमचा कॉल जाईल अशी नोकरी फार थोडी असेल.

मराठीचं तर कुणी विचारच करत नाही, मातृभाषा लिहिलं की संपलं. पण ज्या कंपनीला मराठी खरोखर लागते तिला काय लागतं बघा: कामगारांसाठी नोटीस, सेफ्टीच्या सूचना, ग्रामपंचायतीला पत्र, महावितरणला अर्ज. ते प्रमाण मराठीत, नीट लिहिता आलं पाहिजे आणि कॉम्प्युटरवर टाईप करता आलं पाहिजे. इंग्लिश मिडीयमला शिकलेली राजारामपुरीतली, ताराबाई पार्कातली पोरं घरी मस्त मराठी बोलतात पण नोटीस लिही म्हटलं की कागद कोरा. त्यांनी मातृभाषा लिहावं, ते खरंच आहे, पण पुढं लिहिणं मध्यम हे पण लिहावं. तुमचं उलटं आहे. मराठी मिडीयम असल्यानं तुम्हाला हे येतंय आणि तुम्ही ते सांगत नाही. टायपिंगची सरकारी परीक्षा, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची, मराठी ३० शब्द प्रति मिनिट, पास असाल तर ती भाषेच्या ओळीत घुसडू नका, सर्टिफिकेट म्हणून वेगळी लिहा. आणि युनिकोडमध्ये टाईप करता की जुन्या फॉन्टमध्ये ते पण लिहा, कारण जुन्या फॉन्टमधली फाईल मेलवर पाठवली की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरांचा चिवडा होतो, आणि कंपनीला हे माहीत असतं.

जाता जाता, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळकडची बरीच पोरं कन्नड बोलतात आणि रेझ्युमेत लिहीतच नाहीत, गावाकडची भाषा म्हणून. अहो, बेळगावच्या उद्यमबागेत व्हेंडर असलेल्या कंपनीला तो माणूस इंग्लिशवाल्यापेक्षा जास्त उपयोगाचा. बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही, असं स्पष्ट लिहायचं, बस.

तर तुमच्या बाबतीत, तुम्ही सांगितलंय त्यावरून आणि वरच्या परीक्षेत तुमचं लिहिणं पास आणि बोलणं मध्यम निघालं असं धरून, त्या ओळी साधारण अशा होतील. रेझ्युमे इंग्लिशमध्ये असणार, तेव्हा हेच इंग्लिशमध्ये लिहायचं:

मराठी: मातृभाषा, नोटीस, पत्र, अर्ज लिहितो, युनिकोड टायपिंग
हिंदी: बोलणं आणि समजणं चांगलं, कामात रोज वापर, लिहिणं साधं
इंग्लिश: वाचणं आणि कामाचे मेल चांगले; बोलणं मध्यम, कामाच्या विषयावर

ह्या तीन ओळी खाली. अनुभव, शिक्षण, स्किल्स झाल्यावर. कस्टमर कोऑर्डिनेटरच्या रेझ्युमेत वरची जागा महाग असते, तिथं तुम्ही काय काम केलं ते आलं पाहिजे. पण, आणि हे महत्त्वाचं आहे, भाषा फक्त खालीच असू नये. ह्या तीन ओळी म्हणजे नुसतं लेबल. पुरावा अनुभवाच्या ओळींत असतो आणि तो वाचणारा आधी वाचतो. सध्या तुमच्या रेझ्युमेत काय असेल ते मी न बघता सांगतो: ‘डिस्पॅचचं सर्व काम बघितलं’. त्याऐवजी लिहा की बाहेरच्या राज्यांतल्या गिऱ्हाइकांना डिस्पॅच आणि रिजेक्शनचे मेल इंग्लिशमधून करत होतो, ट्रान्सपोर्टरांशी गाड्यांचं आणि भाड्याचं बोलणं हिंदीतून, लोडिंगच्या कामगारांसाठी पॅकिंगच्या सूचना मराठीत लिहून लावल्या. जे केलं असेल तेच हां, मी उदाहरण देतोय. अशी एक ओळ असली की खाली ‘बोलणं मध्यम’ वाचून कुणी दचकत नाही, कारण मध्यम बोलण्यावर पण ह्यानं काम निभावलंय हे आधीच दिसलेलं असतं.

वर, म्हणजे पहिल्या दोन-तीन ओळींच्या समरीत, भाषा कधी आणायची? जाहिरातीत भाषेचं नाव घेऊन मागितली असेल तेव्हाच. कॉल सेंटर, अनुवाद, मराठी कंटेंट, विशिष्ट राज्यातली सेल्सची जागा, अशा ठिकाणी भाषा हेच काम आहे, तिथं ती खाली लपवून उपयोग नाही.

कुठं टाकू नये ते पण सांगतो. वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय का, ह्यांच्यासोबत ‘पर्सनल डिटेल्स’च्या चौकटीत भाषा कोंबायची जुनी पद्धत आपल्याकडं अजून चालते, सायबर कॅफेवाल्याच्या फाईलमधून आलेली. तिथं भाषा म्हणजे कौशल्य न राहता जन्माची माहिती होऊन जाते. दुसरं, ते गोळे आणि पट्ट्या. पाचातले चार गोळे भरलेले म्हणजे काय? कशाचे ऐंशी टक्के? आणि पोर्टलवर अपलोड केल्यावर ती चित्रं बऱ्याचदा वाचलीच जात नाहीत, नुसती भाषेची नावं उरतात. साधा मजकूर ठेवा. अपवाद एकच, सरकारी किंवा बँकेचा फॉर्म, जिथं वाचता, लिहिता, बोलता अशा तीन रकान्यांचा तक्ता त्यांनीच दिलेला असतो. तो आहे तसा भरायचा. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत तर स्थानिक भाषा शिकल्याचा पुरावा म्हणून दहावी-बारावीचं मार्कशीट चालतं आणि ते असलं की वेगळी भाषा परीक्षा द्यावी लागत नाही, तेव्हा ते मार्कशीट जपून ठेवा, कधी तिकडं अर्ज केला तर.

राहिला तुमचा खरा घोर, बोलावतील का. ते जागेवर अवलंबून आहे आणि इथं मी गोड बोलणार नाही. जाहिरातीत नुसतं ‘उत्तम संवादकौशल्य’ असेल तर ते प्रत्येक जाहिरातीत चिकटवलेलं असतं, त्याला घाबरू नका. गिऱ्हाईक देशातलं आणि काम मुख्यतः मेल, शेड्यूल आणि फॉलोअपचं असेल तर वरच्या तीन ओळींवर तुम्हाला बोलावतील, फाउंड्रीत डिस्पॅच केलेला माणूस पुण्यातल्या ऑटो कंपनीला हवाच असतो. पण एक्सपोर्टचं गिऱ्हाईक, रोजचे कॉल, असं जाहिरातीत लिहिलं असेल तर मध्यम लिहिल्यावर काही ठिकाणी कॉल येणार नाही. फ्लुएंट लिहिलं असतं तर आला असता, तुम्ही सुट्टी टाकून, पहाटेची एसटी पकडून पुण्याला गेला असता आणि अर्ध्या मिनिटात तेच कळलं असतं. माझ्या हिशोबानं अशा जागा सध्या सोडा आणि बोलणं सुधारलं की वर्षभरानं बघा.

आणि जिथं बोलावतील तिथं त्या ‘मध्यम’चा एक फायदा आहे. समोरच्यानं इंग्लिशमध्ये सुरू केलं तर पहिली काही उत्तरं इंग्लिशमध्येच द्या, तुटकी असली तरी. रिजेक्शनसारखा गुंतागुंतीचा प्रसंग सांगायची वेळ आली की सरळ विचारा, हे हिंदीत किंवा मराठीत सांगू का. रेझ्युमेत आधीच लिहिलेलं असल्यानं ते पळवाट वाटत नाही. फ्लुएंट लिहून हाच प्रश्न विचारणारा उमेदवार मात्र तिथंच संपतो. काही जण तुम्हाला तिथंच एक मेल लिहायला देतील, आणि ती परीक्षा तुमच्या बाजूची आहे.

शेवटचं एक काम, आजच करा. लिंक्डइनवर भाषेपुढं पाच पर्यायांतला एक निवडावा लागतो आणि तिथं तुम्ही पण बहुतेक सगळ्यात वरचा निवडला असणार. मराठीला `Native or bilingual proficiency` ठीक आहे. इंग्लिशला बोलणं मध्यम असेपर्यंत `Limited working proficiency` ठेवा. मेल भक्कम आणि मित्राच्या फोनच्या परीक्षेत पण टिकलात तर `Professional working proficiency`. हिंदीला माझ्या मते तुमच्यासाठी हाच, `Professional working proficiency`, कारण तुम्ही त्यात रोज काम करता. बाकीच्या नोकरीच्या पोर्टलवर पण प्रोफाइल असेल तर तिथं पण जुळवून घ्या. आम्ही रेझ्युमे आणि प्रोफाइल शेजारी शेजारी उघडून बघतो, आणि एका ठिकाणी मध्यम, दुसऱ्या ठिकाणी नेटिव्ह दिसलं की कुठलं खरं हे विचारायला फोन करण्याइतका वेळ कुणाकडं नसतो, सरळ पुढचा रेझ्युमे उघडला जातो.